मचमच, टकटक आणि एक चुकीचं नाव

माझी मुलगी अकरा वर्षांची असताना एका रात्री जेवता जेवता तिने हातातला चमचा खाली ठेवला, माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि उठून आत निघून गेली. भांडण झालं नव्हतं, कुणी तिला काही बोललंही नव्हतं. मी मागोमाग गेलो तर ती पलंगाच्या कडेला बसून दोन्ही तळव्यांनी कान दाबून रडत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "बाबा, तू घास चावतोस ना, तेव्हा मला तुला मारावंसं वाटतं. मला असं वाटायला नकोय. पण वाटतं."

हे वाक्य मला आजही तसंच्या तसं आठवतं, कारण पुढचं सगळं त्यात होतं. राग होता, तो कशामुळे आला हे तिला नेमकं ठाऊक होतं, आणि तो राग आपला नाही, बाहेरून कुणी अंगात घातल्यासारखा आहे, हेही तिला कळत होतं. तरी पुढचं वर्षभर आम्ही, नातेवाइकांनी आणि शाळेने तिला एकच शब्द लावला: चिडचिडी. वय आहे, झोप पुरत नसेल, लाडाने बिघडली असेल, इतकं मनावर घ्यायचं नसतं. या लेखात मला म्हणायचंय ते असं की हा शब्द नुसता अपुरा नाही, तो घातक आहे. चिडचिड म्हटलं की उपायही चिडचिडीचे सुचतात, आणि तिला जे होतं त्यावर ते उपाय उलटे पडतात.

त्याचं नाव मिसोफोनिया. पॉवेल आणि मार्गारेट जास्ट्रेबॉफ या कानाच्या विकारांवर काम करणाऱ्या दांपत्याने २००१ साली ग्रीक शब्दांवरून ते बनवलं. शब्दशः अर्थ आवाजाचा द्वेष. नाव थोडं फसवं आहे, कारण या माणसांना आवाजाचा सरसकट द्वेष नसतो. ठरावीक, बहुतेक वेळा बारीक, पुन्हा पुन्हा येणारे आणि दुसऱ्या माणसाने केलेले आवाज त्यांना सहन होत नाहीत. घास चावण्याचा, भुरका मारण्याचा, नाक ओढण्याचा, श्वासाचा, पेनचं बटण दाबण्याचा, बोटांनी टेबल वाजवण्याचा. ज्या आवाजाने ही प्रतिक्रिया पेटते त्याला ट्रिगर म्हणतात. सुरुवात बहुतेकदा शाळकरी वयात होते आणि पहिला ट्रिगर पुष्कळदा घरातल्याच, अगदी जवळच्या माणसाचा असतो. आमच्याकडे तो मी होतो.

हा त्रास आणि चिडचिड यांतला फरक मला वाचून कळला नाही. आम्ही दोन आठवडे एक वही ठेवली, तेव्हा कळला. कल्पना माझ्या बहिणीची. ती श्रवणतज्ज्ञ आहे. तिने आधी मुलीच्या कानांची तपासणी करून घेतली. ऐकू व्यवस्थित येत होतं आणि मोठ्या आवाजाची सहनशक्तीही तिच्या वयाला शोभेल अशीच होती. म्हणजे हायपरॅक्युसिस नव्हता. त्या विकारात आवाज कुणाचा, कसला याने फरक पडत नाही. साधे आवाजही फार मोठे वाटतात, दुखतात. मग बहीण म्हणाली, "आता दोघं मिळून लिहा. पण ती चिडली एवढंच लिहू नकोस. त्याआधी काय होतं आणि त्यानंतर काय झालं, तेही लिही."

वहीत सहा रकाने होते. वेळ, आवाज कोणता, कुणी केला, आदल्या रात्री झोप किती आणि पोटात भूक होती का, आवाज सुरू झाल्यापासून किती वेळात त्रास सुरू झाला, आणि शून्य ते दहामध्ये तो किती होता. आकडा ती द्यायची, बाकीचं मी लिहायचो. शाळेतल्या नोंदी ती घरी आल्यावर सांगायची.

चौदा दिवसांत ३१ नोंदी झाल्या. त्यांतल्या पाच आवाजाच्या नव्हत्याच. गृहपाठावरून वाद, भावाने न विचारता घेतलेली वस्तू, असल्या. त्या पाचही नोंदी संध्याकाळी सातनंतरच्या होत्या. दोन दिवस तिची झोप कमी झाली होती, एकदा ती उपाशी होती. राग हळूहळू चढला होता, बोलून किंवा जेवून उतरला होता आणि सकाळी त्याची आठवणही नव्हती. ही खरी चिडचिड. कुठल्याही मुलाच्या वहीत ती सापडेल.

उरलेल्या २६ नोंदींत मात्र फक्त तीन आवाज होते. माझं चावणं १५ वेळा, शेजारच्या बाकावरच्या मुलाचं पेन ६ वेळा आणि भावाचं नाक ओढणं ५ वेळा. त्या कुठल्याही वेळी झाल्या होत्या. त्यांतली एक तर सुट्टीच्या दिवशी सकाळची होती. झोप नऊ तास, मूड उत्तम, आदल्या दिवशी तिला चित्रकलेचं बक्षीस मिळालेलं. आकडा आठ. भुकेल्या, थकलेल्या संध्याकाळचा आकडाही आठच. 'किती वेळात' या रकान्यात सगळीकडे 'लगेच' किंवा 'दोन-तीन घासांत' असं लिहिलेलं. आणि आवाज थांबल्यावरही छातीतली धडधड आणि आवळलेल्या मुठी पुढे कितीतरी वेळ तशाच राहायच्या.

जे वहीत आलंच नाही ते मला जास्त शिकवून गेलं. त्याच दोन आठवड्यांत शेजारच्या घरात चार तास भिंतीला ड्रिल मशीन चालू होतं. आम्ही सगळे वैतागलो. ती पुस्तक घेऊन बसली होती. त्याबद्दल तिची एकही नोंद नाही. शेजाऱ्यांचा कुत्रा तिच्या पायाशी बसून माझ्याहून कितीतरी मोठ्याने मचमच करत खायचा, त्याचीही नाही. चिडचिड्या माणसाला कुठलाही काटा टोचतो. त्याचा उंबरठाच खाली आलेला असतो, म्हणून ड्रिल, कुत्रा, भाऊ, बाप, पाऊस सगळं सारखंच खुपतं. हिचा उंबरठा जागेवर होता. फक्त तीन दारं अशी होती की ती उघडली की थेट आग.

आणखी एक गोष्ट त्या दिवसांत घडली, ती ठरवून केलेली नव्हती. ती बाहेरच्या खोलीत अभ्यास करत होती आणि मी आत उभ्याने काहीतरी कुरकुरीत खात होतो. तिला वाटलं, बाहेर कुणीतरी वाळक्या पानांवरून चालतंय. दोन-तीन मिनिटं ती तो आवाज ऐकत शांतपणे लिहीत होती. मग मी खातखातच दारात आलो. तिने वर बघितलं आणि तिचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत बदलला. मानेवर लाली आली, जबडा आवळला गेला. आवाज तोच होता, तेवढाच मोठा होता. बदललं होतं ते एवढंच, की तो माझ्या तोंडातून येतोय हे तिला समजलं होतं.

हे वाचून कुणी म्हणेल, बघा, म्हणजे सगळं मनाचेच खेळ. मीही क्षणभर तसंच म्हणालो होतो. पण प्रयोगशाळेत नेमकं हेच दिसलं आहे. सांताक्रूझ इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी ट्रिगर आवाजांना त्यांच्याशी हुबेहूब जुळणारी, पण वेगळी आणि निरुपद्रवी दृश्यं जोडून दाखवली. तोच आवाज या दृश्यांसोबत ऐकला तेव्हा लोकांना कमी त्रासदायक वाटला. मेंदू आवाज ऐकतो आणि त्याच झटक्यात हा कुणाचा, कशाचा हेही ठरवतो. मिसोफोनियात बिघाड या दुसऱ्या टप्प्याच्या आसपास आहे. तो माणसाच्या इच्छेवर चालत नाही. माझ्या मुलीने दारात मला बघून लाल व्हायचं ठरवलं नव्हतं. मानेवरची लाली ठरवून आणता येत नाही.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात सुखबिंदर कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत सगळ्यात बोलका आहे. त्यांनी मिसोफोनिया असलेल्या आणि नसलेल्या माणसांना तीन तऱ्हेचे आवाज ऐकवले. पावसासारखे साधे. बाळाचं रडणं, किंकाळी असे कुणालाही नकोसे वाटणारे. आणि चावण्याचे, श्वासाचे. मधल्या गटातले आवाज दोघांनाही सारखेच वाईट वाटले. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. ही माणसं नुसती चिडचिडी असती तर किंकाळीनेही ती इतरांपेक्षा जास्त चिडली असती. तसं झालं नाही. फरक पडला तो फक्त ट्रिगर आवाजांना. तेव्हा त्यांच्या हृदयाचे ठोके वाढले, त्वचेवरच्या घामाची मोजणी वर गेली आणि मेंदूतला अँटिरियर इन्सुला हा भाग इतरांपेक्षा खूप जास्त जागा झाला. समोर येणाऱ्या हजार गोष्टींपैकी आत्ता कशाकडे लक्ष द्यायलाच हवं, हे ठरवण्यात या भागाचा मोठा वाटा असतो. साध्या भाषेत, त्यांचा मेंदू एका घासाच्या आवाजाला धोक्याच्या घंटेचा मान देतो.

याच गटाने २०२१ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. या लोकांत आवाज ऐकणारा मेंदूचा भाग आणि स्वतःच्या तोंडाच्या, जबड्याच्या हालचाली चालवणारा भाग यांचं नातं इतरांपेक्षा घट्ट होतं. आवाज ऐकणारा भाग मात्र दोन्ही गटांत सारखंच काम करत होता. म्हणजे दुसऱ्याचं चावणं ऐकताना त्यांचं स्वतःचं तोंड हलवणारा मेंदूचा भाग नको असताना चालू होतो. जणू समोरचा माणूस आपल्या आत शिरून चावतोय. हे वाचल्यावर मुलीची एक सवय मला उमगली. मी जेवत असताना ती कधी कधी माझ्या लयीत दात दाबायची. मला वाटायचं वेडावतेय, आणि मी तिला त्यावरून रागावलोही होतो. मिसोफोनियात अशी नक्कल बरेच जण करतात. आवाज आपल्या ताब्यात आल्यासारखा वाटून त्यांना थोडा उतारा पडतो. स्वतःच केलेला तोच आवाज सहसा त्रास देत नाही, याच्याशीही ते जुळतं. अर्थात पेनच्या टकटकीत तोंडाचा काही संबंध नाही, त्यामुळे या एका स्पष्टीकरणात सगळं बसत नाही. पण 'लक्ष देऊ नकोस' हा सल्ला का लागू पडत नाही, एवढं त्यातून नक्की समजतं. लक्ष द्यायचं की नाही, हे तिला कुणी विचारलेलंच नसतं.

आता सार्वजनिक प्रश्नाकडे येतो. कारण घरात आम्ही कसंतरी निभावलं असतं. अडलं ते शाळेत.

सहामाही परीक्षेत शेजारच्या बाकावरचा मुलगा विचार करताना पेनचं बटण दाबत होता. तिने दोन तासांच्या पेपरात तिसरा प्रश्न अर्धा सोडला, चौथ्याला हातच लावला नाही. मी शाळेत जाऊन बसायची जागा बदलून मागितली. उत्तर मिळालं की डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणा. मागणी वाजवी होती. आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. ते भले गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला हे ओळखता येतं, पण लिहिता येत नाही." कारण आज जगभर वापरल्या जाणाऱ्या निदानाच्या दोन मोठ्या याद्या, जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ आणि अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांची डीएसएम-५, या दोन्हींत मिसोफोनिया नाही. २०१३ साली ॲम्स्टरडॅमच्या मानसोपचारतज्ज्ञांनी ४२ रुग्ण तपासून निदानाचे निकष सुचवले. २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या एका समितीने मतांच्या अनेक फेऱ्यांनंतर एक सामाईक व्याख्या ठरवली. तरी यादीत नाव नाही आणि नावाशिवाय चिठ्ठी नाही. शेवटी त्यांनी यादीतला जवळचा शब्द लिहिला: चिंताविकार.

त्या चिठ्ठीने जागा बदलून मिळाली, पण दुसरंच झेंगट मागे लागलं. शाळेच्या समुपदेशकांनी ती वाचली आणि मनापासून चिंताविकाराचा उपाय सुरू केला. भीतीवर एक खात्रीचा उपाय असतो. जिची भीती वाटते त्या गोष्टीसमोर थोडं थोडं बसायचं, काही वाईट घडत नाही हे शरीराला कळू द्यायचं, की भीती ओसरते. त्यांनी मुलीला रोज दहा मिनिटं चावण्याचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकायला लावला. पण तिला भीती वाटतच नव्हती. तिला किळस येत होती, राग येत होता आणि त्या रागाची लाज वाटत होती. 'काही वाईट घडत नाही' हे तिला आधीपासून माहीत होतं. तीन आठवड्यांनंतर आवाज बंद असतानाही, कुणाचा हलता जबडा नुसता दिसला तरी तिची मूठ वळू लागली. दिसणाऱ्या हालचालीने होणाऱ्या या त्रासालाही नाव आहे, मिसोकायनेशिया, आणि मिसोफोनिया असलेल्या बऱ्याच जणांत तो आढळतो. तिच्यात तो त्या ध्वनिमुद्रणामुळेच आला, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण तीन आठवडे मुलगी रोज रडत घरी येत होती, हे मी बघितलं आहे. चुकीच्या नावाची किंमत ती हीच.

उपचार नाहीत असं नाही. ॲम्स्टरडॅमच्याच गटाने ५४ रुग्णांवर केलेली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन महिने, आठवड्यातून एकदा गटात बसून. तिथे आवाज सहन करत बसायचं नव्हतं. लक्ष हातातल्या कामाकडे वळवण्याचा सराव, ट्रिगर आवाजाला एखाद्या सुखद गोष्टीशी जोडणं, अंग सैल सोडायला शिकणं, आणि मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे तो आवाज संगणकावर घेऊन स्वतःच्या हाताने त्याचा वेग, उंची बदलणं. असहायपणे ऐकण्याऐवजी त्याच्याशी खेळणं. उपचार घेतलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना ठळक फरक पडला. वाट पाहणाऱ्यांच्या यादीत ठेवलेल्यांपैकी कुणालाच पडला नाही. ३७ म्हणजे १०० नव्हे, आणि ज्यांना फरक पडत नाही त्यांनाही परीक्षा द्यायची असते, कामावर जायचं असतं.

म्हणून माझी भूमिका अशी आहे. शाळेने किंवा कचेरीने बसायच्या जागेसारखी छोटी सोय देताना यादीतल्या नावावर अडून बसू नये. नोंद मागावी. दोन आठवड्यांची वही, सही केलेला श्रवणतज्ज्ञाचा अहवाल आणि शिक्षकाचं स्वतःचं निरीक्षण, एवढ्यावरून चिडचिड आणि मिसोफोनिया वेगळे करता येतात. विचारायचे प्रश्न तेच, जे आमच्या वहीत होते. ठरावीक आवाजच का? चांगल्या दिवशीही तेवढाच त्रास का? क्षणात का? दुसरे मोठे आवाज चालतात का? ही उत्तरं खोटी रचून दोन आठवडे टिकवणं मुलाला सोपं नाही, आणि रचली तरी त्याच्या पदरात पडतं काय? कोपऱ्यातला बाक. उलट, वहीत सगळ्याच गोष्टी खुपताना दिसल्या, झोप आणि भुकेबरोबर आकडे वरखाली झाले, तर मूल दुसऱ्याच कशाने त्रासलेलं आहे, हे कळेल. सततची चिडचिड नैराश्याचं लक्षण असू शकते, झोपेच्या किंवा थायरॉइडच्या तक्रारीचंही. तिथे बाक बदलून भागणार नाही. दोन्ही एकत्र असू शकतात, तेही वहीतच दिसतं. आमच्या ३१ मध्ये पाच होत्याच.

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकतो: असं केलं तर निम्मा वर्ग कोपरा मागेल. इंग्लंडमधल्या २०२३ च्या एका मोठ्या पाहणीत जवळपास १८ टक्के प्रौढांना या लक्षणांचा बऱ्यापैकी जाच होतो असं दिसलं, तेव्हा भीती अगदीच निराधार नाही. पण त्याच पाहणीत बहुतेकांनी मिसोफोनिया हा शब्दच ऐकलेला नव्हता. म्हणजे ही माणसं आजही काही न मागता निभावतच आहेत. सोय मागावी लागते ती ज्यांचं काम अडतं त्यांना. आणि ते अडतंय की नाही, हे उत्तरपत्रिकेत दिसतं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, आणि तो मला स्वतःला पुष्कळ दिवस छळत होता. टाळत राहिलं की त्रास वाढत नाही का? वाढतो. काही महिने मुलगी घरात दिवसभर कानात बोळे घालून वावरायची. २००३ मध्ये अमेरिकेत धडधाकट कानांच्या माणसांना दोन आठवडे जवळजवळ सतत कानात बोळे घालायला लावून एक प्रयोग झाला होता. बोळे काढल्यावर त्यांना साधे आवाजही पूर्वीपेक्षा मोठे वाटू लागले. कानाला कमी मिळालं की मेंदू आतून आवाज वाढवतो. म्हणून सोय हवी, पण तिला वेळ आणि जागा यांची सीमा हवी. परीक्षेचे तीन तास, हो. शांत वाचनाचा तास, हो. आयुष्यभर एकटीने वेगळ्या खोलीत जेवणं, नाही. आणि दुसऱ्याच्या तोंडावर पहारा बसवणं, तेही नाही. कुणी चावूच नये, कुणी नाक ओढूच नये, असा नियम करायचा अधिकार मिसोफोनियाने मिळत नाही. मी स्वतः काही आठवडे तोंड मिटून, जीव मुठीत धरून जेवत होतो. ती माझ्या प्रत्येक घासाची वाट बघत ताठ बसायची. दोघांचंही त्यात नुकसानच झालं.

वर्गशिक्षिकेने तर याहून मोठी चूक केली, आणि तीही चांगल्या हेतूने. त्यांनी सगळ्या वर्गाला उभं राहून सांगितलं, की हिला पेनच्या आवाजाचा त्रास होतो, तेव्हा कुणी बटण दाबू नका. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तीन मुलं तिच्या कानाशी येऊन टकटक करून गेली. ट्रिगर जाहीर करणं म्हणजे तिला कुठे दुखतं ते बोट ठेवून दाखवणं. तो तपशील शिक्षक, पालक आणि मूल यांच्यातच राहायला हवा. पेनचा प्रश्न कुणाचंही नाव न घेता सुटतो. परीक्षेला टोपणाचं पेन आणा, असं सगळ्यांना सांगितलं की झालं.

वार्षिक परीक्षेला आम्ही मुख्याध्यापकांसमोर वही ठेवली आणि जे ठरलं ते असं. बाक पहिल्या रांगेत, भिंतीकडचा. आधी मी शेवटचा मागत होतो. बहिणीने समजावलं की मागे बसली तर सगळ्यांचे हात आणि जबडे तिला समोर दिसत राहतील. पुढे बसल्यावर समोर फक्त फळा. वर पंखा, कारण त्याची सलग घरघर बारीक टकटकीला गिळते. इअरफोन नाहीत, कॉपी होऊ शकते, आणि शाळेचं ते म्हणणं मला पटलं. त्याऐवजी फोमचे बोळे, ज्यांना ना तार ना बॅटरी, पर्यवेक्षकांनी हातात घेऊन बघायचे आणि परत द्यायचे, पेपर संपला की काढून ठेवायचे. एकदा बाहेर जाऊन दोन मिनिटं उभं राहून यायची मुभा. जादा वेळ आम्ही मागितला नाही, तिला तो नको होता. तिने सगळे पेपर पुरे लिहिले. बाहेर जायची मुभा तिने एकदाच वापरली, गणिताच्या पेपरला.

घरी आता आम्ही समोरासमोर बसत नाही. काटकोनात बसतो, म्हणजे माझा जबडा तिच्या नजरेच्या रेषेत येत नाही, आणि पंखा चालू असतो. सुरुवात सात मिनिटांपासून केली. ती घड्याळ बघायची आणि वेळ झाली की उठायची. कुणी का म्हणून विचारायचं नाही, हे भावालाही सांगून ठेवलं होतं. आता वीस मिनिटांपर्यंत आलो आहोत. काही दिवस ती नवव्या मिनिटाला उठते.

नव्या वर्षी वर्गशिक्षिका बदलल्या आणि पहिल्याच आठवड्यात मला पुन्हा बोलावणं आलं: मुलगी चिडचिडी वाटते, पहिल्या बाकासाठी हट्ट करते, घरी काही ताण आहे का? मुख्याध्यापकांकडची नोंद त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. कुठल्या वर्गात कुणाला चष्मा आहे, कुणाला दम्याचा पंप लागतो, हे जसं मुलाच्या फायलीबरोबर पुढच्या वर्गात जातं, तशी ही दोन पानंही गेली पाहिजेत. मी वहीची प्रत घेऊन परत गेलो. या वेळी वरच्या कोपऱ्यात मुलीनेच लिहून दिलं होतं: हे फाइलमध्ये लावा.